हमारा इबादतखाना : एका छोट्या नमाजघराची तारीख

आमच्या मोहल्ल्यातल्या इबादतखान्याला यंदा 65 वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त दाराजवळच्या भिंतीवर एक कविता लावायचे जमातीने ठरवले आणि ती लिहिण्याचे काम आम्हा तिघा-चौघांवर आले. काम वाटले तितके सोपे नव्हते, कारण पहिला प्रश्न निघाला तो नावांचा.

जागा कुणाच्या आजोबांनी दिली, यावर दोन घराण्यांचे दोन दावे आहेत. पत्रे कुणी आणले, पहिली अजान कुणी दिली, यालाही कागद नाही. त्यात तरावीह आठ रकात की वीस, यावरून गेली दोन-तीन वर्षे कुरबुर चालू आहे आणि काही तरुण वेगळी जमात करण्याची भाषा बोलू लागले आहेत. अशा वेळी भिंतीवर एक नाव आले आणि दुसरे राहिले, तर वर्धापनदिनाची कविताच फुटीचे कारण व्हायची. सूरह तौबामध्ये मस्जिद-ए-जिरारचा उल्लेख आहे. मोमिनांमध्ये फूट पाडण्यासाठी उभारलेली ती इमारत होती. नमाजाची जागादेखील तोडण्याच्या कामी येऊ शकते, हे आपल्याला तेव्हाच सांगून ठेवले आहे.

म्हणून आम्ही नावे सोडली आणि कामे धरली. मदीनेतली मस्जिद-ए-नबवी कच्च्या विटा, खजुरीची खोडे आणि झावळ्या यांनी उभी राहिली, आणि विटा वाहणाऱ्यांत खुद्द रसूलुल्लाह (स.) होते. आमच्याकडचे संस्थापक हमाल, गवंडी, शिंपी, टांगेवाले. बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळे काढून ठेवत आणि महिन्याच्या शेवटी ते विकून आलेले पैसे बांधकामाला देत. ही कामे कुण्या एका घराण्याची नव्हती, त्यामुळे त्यावर वादही झाला नाही.

दुसरा प्रश्न सालाचा. उर्दू-फारसीत इमारतीवरच्या कवितेत साल आकड्यांत न लिहिता शब्दांत गुंफण्याची जुनी रीत आहे. तिला तारीखगोई म्हणतात. अब्जद पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. अलिफ 1, बे 2, अशा चढत्या क्रमाने गैन 1000 पर्यंत जाते. शब्दातल्या अक्षरांची बेरीज हवे ते हिजरी साल देते. जेर, जबर, पेश यांना किंमत नसते.

आमच्याकडे पहिली तरावीह 1961 च्या रमजानमध्ये झाली, म्हणजे हिजरी 1380. बरेच शब्द जुळवून पाहिले आणि शेवटी जुळले ते रोजच्या बोलण्यातलेच दोन शब्द, ‘हमारा इबादतखाना’. हिशेब असा :

हमारा : हे 5, मीम 40, अलिफ 1, रे 200, अलिफ 1. एकूण 247.
इबादत : ऐन 70, बे 2, अलिफ 1, दाल 4, ते 400. एकूण 477.
खाना : खे 600, अलिफ 1, नून 50, हे 5. एकूण 656.

सगळे मिळून 1380.

हा हिशेब उर्दू लिपीतच करावा लागतो. देवनागरीत ‘इबादत’ लिहिले की पहिले अक्षर ऐन आहे की अलिफ, ते कळत नाही. ऐनऐवजी अलिफ धरला तर 69 कमी होतात, बेरीज 1311 येते आणि इबादतखाना एकोणिसाव्या शतकात जाऊन बसतो. म्हणून दगडावर कोरण्याआधी उर्दू जाणणाऱ्या दोघांकडून वेगवेगळी बेरीज करून घ्यावी. आम्ही मौलाना आणि शाळेतल्या उर्दूच्या बाई, दोघांकडून करून घेतली.

कविता मात्र मराठीत आहे, कारण आमची मुले मराठीत वाचतात. ती अशी :

पत्र्याचे छप्पर, गोणपाटाची सफ,
मटक्यातल्या पाण्याने होई वजू;
हमाल, गवंडी, शिंपी, टांगेवाला
एका रांगेत झुकत बाजूला बाजू.

मूठभर तांदूळ चुलीपाशी राखून
मायांनी विटांचा जोडला पैसा;
नाव कुणाचे भिंतीवर ना कोरले,
कामाचा तेवढा राहिला ठसा.

या अल्लाह, त्यांच्या कबरी उजळ,
त्यांची मेहनत कबूल कर;
मते असोत वेगळी, सफ एक राहो,
खुले असो सर्वांना हे घर.

खाली उर्दूत तारखेचे दोन शब्द. कविता वाचून दाखवली त्या दिवशी जागेवर दावा सांगणाऱ्या दोन्ही घरांतले वडीलधारे हजर होते आणि दोघांनीही आमीन म्हटले. तरावीहचा मतभेद मिटलेला नाही. तो कवितेने मिटणाराही नाही, त्यासाठी बसून बोलावे लागेल. पण बेरीज तपासताना मौलानांनी एक गोष्ट दाखवली, ती सर्वांच्या लक्षात राहिली. ‘हमारा’च्या जागी ‘मेरा’ घातले, तर मीम 40, ये 10, रे 200, अलिफ 1 मिळून 251 होतात आणि साल 1384 येते. चार वर्षांनी चुकते. ‘हमारा’ म्हटले तरच हिशेब जुळतो.