लाल पडदा की फुगलेला पडदा?

दोन वर्षांचं मूल रात्रभर कान धरून रडतंय, अंगात ताप आहे. ऑटोस्कोपने काढलेल्या उजव्या कानाच्या फोटोत पडदा लाल दिसतो. नवशिके डॉक्टर इथेच घाई करतात. रडण्याने आणि तापानेही पडदा लाल होतो. म्हणून आधी त्याचा आकार पाहायचा.

निरोगी पडदा मोतिया-करडा, किंचित आत ओढलेला असतो. त्यातून हातोडी हाडाचा दांडा दिसतो आणि उजव्या कानात घड्याळातल्या पाचच्या जागी प्रकाशाचा त्रिकोण चमकतो. या फोटोत पडदा बाहेर फुगलाय, पिवळट अपारदर्शक झालाय, दांडा झाकला गेलाय. मागे पू साठलाय; हा मध्यकर्णाचा तीव्र संसर्ग.

दुसऱ्या दिवशी वेदना अचानक थांबतात आणि कान वाहू लागतो. पडदा फाटल्याची ही खूण. पू हलकेच टिपल्यावर स्पष्ट कडांचं काळपट छिद्र दिसतं. पू टिपला नाही तर ते लपूनच राहतं. असं लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत भरतं. मात्र छिद्र पडद्याच्या कडेला किंवा वरच्या भागात असेल, तर हाड पोखरणाऱ्या आजाराची शंका घेऊन कानतज्ज्ञाकडे पाठवावं.