पिंपळखुट्याजवळ न थांबलेल्या गाड्या

१ जुलै २०२३ च्या पहाटे, दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ उलटली आणि पेटली. दरवाजाची बाजू खाली गेल्याने बाहेर पडायची वाटच बंद झाली. बसमध्ये ३३ जण होते, त्यातले २५ गेले. जे वाचले त्यांतल्या काहींनी काच फोडून बाहेर उडी घेतली होती. धावत आलेल्या स्थानिकांनी नंतर पत्रकारांना सांगितलं की बाहेर पडलेल्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे मदत मागितली, पण कुणी थांबलं नाही. थांबले असते तर आणखी काही जीव वाचले असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही बातमी वाचून जिल्ह्यात बहुतेकांनी एकच वाक्य उच्चारलं: माणुसकी उरली नाही. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण त्याच रात्री हाक ऐकून गावातली माणसं अंथरुणातून उठून आगीकडे पळाली होती. त्या गाड्यांत बसलेली माणसंही कुठल्या ना कुठल्या गावचीच. मग फरक कशाने पडला?

या प्रश्नावर पंचावन्नहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. सुरुवात झाली न्यूयॉर्कमध्ये. १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जिनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की अडतीस शेजारी पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना कुणी पोलिसांना बोलावलं नाही. पुढच्या तपासात ही बातमी फुगवलेली निघाली. बहुतेकांनी नुसतं ओरडणं ऐकलं होतं, आणि एक शेजारीण तर खाली धावत गेली होती. पण त्या बातमीने जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना कामाला लावलं.

१९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्याला एका छोट्या खोलीत एकटं बसवलं जाई. कानाला हेडफोन, समोर माइक. इतर खोल्यांतल्या विद्यार्थ्यांशी कॉलेजच्या अडचणींवर बोलायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. त्यातला एक आवाज आधीच म्हणून ठेवी की मला कधी कधी झटके येतात. थोड्या वेळाने तोच आवाज अडखळू लागे, श्वास कोंडल्यासारखा होई, मदत मागे आणि थांबे. तो आवाज टेपवरचा होता, पण ऐकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. हे ऐकणारे आपण एकटेच, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत खोलीबाहेर पडून सांगायला गेले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के तेवढ्या वेळात गेले.

न उठलेल्यांचं काय चाललं होतं, हे संशोधकांनी आत जाऊन पाहिलं. कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. तो मुलगा बरा आहे ना, हेच त्यांनी आधी विचारलं. मदत करायची नाही असं त्यांनी ठरवलंच नव्हतं. जावं की नको यातच ते अडकले होते. एकटा असता तर सगळा भार त्याच्यावर आला असता. पाच जण आहेत म्हटल्यावर तो भार मनातल्या मनात वाटला गेला, आणि बाकीचे काय करताहेत हे कुणालाच दिसत नव्हतं. एव्हाना कुणीतरी कळवलंच असेल, असं मानणं सोपं झालं.

महामार्गावरची गाडी म्हणजे अशीच बंद खोली. पुढे-मागे वाहनं आहेत हे चालकाला माहीत असतं, पण त्यांपैकी कुणी १०८ लावलं का, हे कळायला मार्ग नसतो. वर पुढच्या गाडीचे लाल दिवे न थांबता दूर जात असतात. डार्ली आणि लाताने यांच्याच दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला, तेव्हा एकट्या माणसांपैकी ७५ टक्के सांगायला गेले. शेजारी दोघे मुद्दाम निर्विकार बसवल्यावर हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. दुसरा शांत आहे तर प्रसंग तितका गंभीर नसेल, असा अर्थ माणूस नकळत लावतो.

त्यात समृद्धीचा वेग मिळवा. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समजा अर्ध्या किलोमीटरवर ज्वाळा दिसल्या. नीट ब्रेक लावून सुरक्षित थांबायला दोनशे मीटरहून जास्त अंतर लागतं. म्हणजे हे काय आहे, गंभीर आहे का, थांबायचं मी की आणखी कुणी, थांबून करणार काय, या सगळ्याचा निकाल सात-आठ सेकंदांत लावायचा. निकाल लागेपर्यंत जागा मागे पडते, आणि वळून यायची सोय नसते. मागून येणारं वाहन धडकेल ही भीती खोटी नाही. रात्री लुटालुटीची भीती वेगळी. घाईसुद्धा आहेच: १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्क्यांनीच वाटेत कण्हणाऱ्या माणसाला मदत केली. वेळ हाताशी असलेल्यांत ६३ टक्क्यांनी केली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. गर्दी म्हणजे बघेच, हा नियम नाही. ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण २०१९ मध्ये तपासलं गेलं. दहातल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त असली की मदत मिळण्याची शक्यताही वाढत होती. तिथे धोका उघड होता आणि लोक एकमेकांना पाहू शकत होते. पिंपळखुट्याचे गावकरीही असेच होते. त्यांना हाक आली होती, आणि ते एकमेकांना ओळखत होते. अर्थात आग इतकी भडकली होती की तेही जवळ जाऊ शकले नाहीत. थांबलेली गाडी सगळ्यांना वाचवू शकली असती, असं म्हणता येणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडसर होता, पोलिसांच्या चौकशीचा. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी कायद्याच्या कटकटींकडे बोट दाखवलं. ही भीती आता कायद्याने काढून टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदतनीसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करताना जखमीचं काही बरंवाईट झालं, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याचीही नाही. जखमीला पोहोचवणाऱ्याला रुग्णालय अडवून ठेवू शकत नाही.

उरतो प्रश्न त्या सात-आठ सेकंदांचा. तिथे उपयोगी पडतं ते आधीच ठरवून ठेवणं: अपघात दिसला की मी फोन करणार, दुसऱ्याने केला असो वा नसो. दोनदा कळवल्याने काही बिघडत नाही. गाडीत चौघे असतील तर निघतानाच सांगून ठेवावं की फोन शेजारच्या सीटवरच्याने करायचा. फोनवर सर्वांत उपयोगाची माहिती म्हणजे बाजू आणि अंतर: मुंबईकडे जाणारी लेन की नागपूरकडे, आणि शेवटचा किलोमीटर दगड कितीचा दिसला. त्यावाचून रुग्णवाहिका चुकीच्या बाजूला उतरली तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत फेरा पडतो. थांबायचंच असेल तर अपघाताच्या बरंच पुढे जाऊन, डावीकडच्या पट्टीत, चारही इंडिकेटर लावून थांबावं आणि माणसांना संरक्षक कठड्याच्या बाहेरच्या बाजूला उभं करावं.

आणि मदत मागायची वेळ आपल्यावर आली, तर ‘कुणीतरी मदत करा हो’ असं सगळ्यांना उद्देशून ओरडू नये. ती हाक पुन्हा सगळ्यांत वाटली जाते. एका माणसाकडे बोट दाखवून, त्याच्या अंगावरची खूण घेऊन सांगावं: ‘निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही १०८ लावा. ताई, तुम्ही या बाळाला धरा.’ मग निळ्या शर्टवाल्याला आपल्या मागे कोण उभं आहे हे बघायचं कारण उरत नाही.