800 शब्दांचा लेख, 60 सेकंदांचा व्हिडिओ
समजा, जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी का झालं, यावरचा 800 शब्दांचा लेख तुमच्याकडे आहे. मिनिटात आरामात बोलून होतात साधारण 120 शब्द. म्हणून अख्खा लेख दाबून बसवू नका, फक्त कारण उचला.

वहीत दोन रकाने करा: दृश्य आणि आवाज.

पहिलं दृश्य, वरून दिसणारं गुलाबी तळं. आवाज: "हा फिल्टर नाहीये." "तळं गुलाबी झालंय" असं बोललात तर ते वाक्य फुकट गेलं, कारण ते दिसतंच आहे.

दुसरं, आटलेला काठ: "पाणी घटलं, खारटपणा वाढला."

तिसरं, बाटलीत स्थिर ठेवलेलं पाणी. वर नितळ, तळाशी गुलाबी गाळ: "रंग पाण्याचा नाही, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा."

आता स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. दम लागला, तर वाक्य तोडा.