पट्ट्यांवरून वाघांची मोजदाद

वाघाच्या अंगावरचे पट्टे जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाहीत, आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकेच नव्हे, तर एकाच वाघाची डावी कूस आणि उजवी कूस यांवरची नक्षीही वेगवेगळी असते. वाघांच्या आजच्या गणनेची सगळी पद्धत या गोष्टींवर उभी आहे.

पूर्वी भारतात पाऊलखुणांवरून वाघ मोजत. वनरक्षक काचेवर ठसा गिरवून घेत आणि ठशाच्या आकारावरून वाघ ओळखत. पण तोच वाघ ओल्या मातीत एक ठसा उमटवतो आणि भुसभुशीत धुळीत दुसराच. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरलेला नाही, हे २००५ च्या सुमारास उघड झाले आणि या पद्धतीवरचा विश्वास उडाला. त्याआधीच, १९९० च्या दशकात, उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप वापरून पट्ट्यांवरून गणना करून दाखवली होती. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी गणनेत हीच पद्धत मुख्य आधार ठरली.

गणनेसाठी जंगलाच्या नकाशावर साधारण दोन चौरस किलोमीटरचे चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनात वाघ जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असेल अशी जागा शोधतात: जंगलातला कच्चा रस्ता, कोरडा नाला, पायवाटांचा संगम. तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एकेक कॅमेरा बांधतात. समोरून उबदार शरीर हलले की सेन्सरला ते कळते आणि फोटो निघतो. दोन कॅमेऱ्यांमुळे वाघाच्या दोन्ही कुशी एकाच वेळी टिपल्या जातात. एका ठिकाणी फक्त डावी कूस मिळाली आणि दुसरीकडे फक्त उजवी, तर तो एकच वाघ की दोन, हे सांगता येत नाही. अशा वेळी दोन्ही आकडे एकत्र करायचे नसतात; ज्या कुशीचे वाघ जास्त मिळाले, तेवढीच बाजू मोजणीत धरणे सुरक्षित असते.

फोटो जुळवणे हे कामातले सर्वांत नाजूक पाऊल. वाघ वळला, वाकला, तिरका चालला की पट्टे ताणलेले किंवा आखडलेले दिसतात. म्हणून संगणकावर खांदा, पुठ्ठा, शेपटीचे मूळ अशा खुणा दाखवून फोटो वाघाच्या त्रिमितीय आकृतीवर बसवतात आणि मग नक्षीची तुलना करतात. संगणक सर्वांत जवळच्या जोड्या पुढे ठेवतो. अंतिम निर्णय मात्र माणसाच्या नजरेचा असतो.

तरीही ओळखलेले वाघ म्हणजे जंगलातले सगळे वाघ नव्हेत. काही वाघ एकाही कॅमेऱ्यासमोर येत नाहीत, आणि त्यांचा अंदाज कसा बांधायचा हाच या शास्त्राचा गाभा आहे. समजा, महिनाभराच्या कामात पहिल्या पंधरवड्यात २० वाघ ओळखले गेले. दुसऱ्या पंधरवड्यात २४ दिसले आणि त्यांतले १६ आधीचेच निघाले. २४ पैकी १६, म्हणजे दोन तृतीयांश वाघ पहिल्या खेपेस टिपले गेले होते. मग आधीचे २० हेही एकूण संख्येच्या दोन तृतीयांश असणार, म्हणून एकूण ३०. प्रत्यक्ष फोटोत आले २८; दोन वाघ हुकले. आता १६ पैकी दोन वाघांचे पट्टे नीट न जुळवल्याने ते नवे समजले गेले, तर जुळलेले उरतात १४ आणि एकूण अंदाज जातो ३४ वर. दोनच चुका, पण चार वाघ फुकट वाढले. अस्पष्ट फोटो जुळवणीतून बाद करण्यात म्हणूनच शहाणपण असते. काम महिना-दीड महिन्यात उरकण्यामागेही हेच कारण आहे: मध्ये वाघ मेले किंवा बाहेरून आले, तर हा हिशेब लागू पडत नाही.

हा हिशेबाचा सर्वांत साधा नमुना झाला. प्रत्यक्ष गणनेत प्रत्येक वाघ कुठल्या कॅमेऱ्यासमोर किती वेळा आला हेही पाहतात. वाघाचा वावर कॅमेऱ्यांच्या हद्दीबाहेरही असतो. त्याच्या फिरण्याचा पसारा लक्षात घेतला नाही, तर बाहेरचे वाघही त्याच क्षेत्राच्या नावावर चढतात आणि घनता फुगते.

२०२२ च्या गणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. वाघांचे ९७,३९९ फोटो मिळाले आणि त्यांतून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले. एक वर्षाखालचे बछडे यात धरत नाहीत, कारण ते कॅमेऱ्यासमोर क्वचितच येतात आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण मोठे असते. जिथे कॅमेरे नव्हते तिथला अंदाज पाऊलखुणा, विष्ठा, भक्ष्य आणि जंगलाची स्थिती यांवरून बांधला गेला. सगळे मिळून सरासरी आकडा ३,६८२ आला. तो एकटा वाचायचा नसतो: त्याच्यासोबत ३,१६७ ही खालची आणि ३,९२५ ही वरची मर्यादा दिलेली आहे.