माहितीपटातील पुनर्रचित प्रसंग : ‘द थिन ब्लू लाइन’च्या रचनेचा विचार

घडून गेलेल्या घटनेच्या वेळी कॅमेरा क्वचितच उपस्थित असतो. माहितीपट करणाऱ्याच्या हाती उरतात ती माणसांची निवेदने, कागदपत्रे आणि काही वस्तू. अशा वेळी नटांकरवी तो प्रसंग पुन्हा उभा करण्याचा मार्ग स्वीकारला जातो. हा मार्ग नवा नाही, आणि त्यावरील आक्षेपही नवा नाही. जे कॅमेऱ्यासमोर घडलेच नाही ते घडल्यासारखे दाखविले, तर प्रेक्षकाची फसवणूक होते. उलट ते खोटे आहे हे प्रत्येक क्षणी बजावीत राहिले, तर प्रसंगाचे गांभीर्य नाहीसे होते. या दोहोंमधून वाट कशी काढता येते, याचा विचार एरॉल मॉरिस या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९८८ मधील ‘द थिन ब्लू लाइन’ या माहितीपटाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे पडद्यावर पट्टी देणे. दूरचित्रवाणीवरील गुन्हेविषयक कार्यक्रमांच्या प्रेक्षकांना ‘नाट्यरूपांतर’ ही कोपऱ्यातील अक्षरे चांगल्या परिचयाची आहेत. त्या पट्टीने निर्मात्याची कायदेशीर बाजू कदाचित सांभाळली जात असेल; पाहण्याची क्रिया मात्र तिने फारशी बदलत नाही. दोन मिनिटांत डोळा अक्षरे विसरतो आणि चित्र लक्षात ठेवतो. शिवाय पट्टी फक्त एवढेच सांगते की हे नट आहेत. दाखविले जाणारे कोणाच्या सांगण्यावरून दाखविले जात आहे, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न तिने सुटत नाही. मॉरिसच्या चित्रपटात अशी पट्टी नाही, तसेच निवेदकही नाही. तरीही लक्षपूर्वक पाहणारा प्रेक्षक पुनर्रचनेला अस्सल चित्रण समजत नाही.

प्रथम मूळ प्रकरण थोडक्यात पाहू. २८ नोव्हेंबर १९७६ रोजी मध्यरात्रीनंतर टेक्सास राज्यातील डॅलस शहरात रॉबर्ट वुड या पोलीस अधिकाऱ्याने पुढचे दिवे न लावता चाललेली एक मोटार थांबविली. तो चालकाच्या खिडकीपाशी पोचताच त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि मोटार निघून गेली. ती मोटार सोळा वर्षांच्या डेव्हिड हॅरिसने चोरलेली होती. पकडला गेल्यावर त्याने, गोळ्या रँडल ॲडम्स याने झाडल्या, असे सांगितले. आदल्या दिवशीच या दोघांची रस्त्यात योगायोगाने गाठ पडली होती. हॅरिस आणि अन्य साक्षीदार यांच्या जबानीवर १९७७ मध्ये ॲडम्सला मृत्युदंड सुनावण्यात आला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरविल्यानंतर तिचे रूपांतर जन्मठेपेत झाले. मॉरिस टेक्सासमध्ये आला होता तो एका मानसोपचारतज्ज्ञाविषयी चित्रपट करण्यासाठी. मृत्युदंडाच्या खटल्यांत सरकार पक्षाच्या बाजूने साक्ष देणारा म्हणून तो प्रसिद्ध होता. त्या शोधात त्याची ॲडम्सशी भेट झाली, आणि विषयच बदलला.

चित्रपटाचा कणा म्हणजे मुलाखती. ॲडम्स, हॅरिस, पोलीस अधिकारी, वकील, न्यायाधीश आणि साक्षीदार एकेक करून बोलतात. त्यांच्या बोलण्यामधून वुडच्या हत्येचा प्रसंग पुनःपुन्हा येतो. परंतु तो दर वेळी तोच नसतो. कधी मोटारीत एकच माणूस दिसतो, कधी दोन. कधी चालकाचे केस वेगळे, कधी कोटाची कॉलर वेगळी. जवळून मोटार हाकीत जाताना आपण चालकाला पाहिले, असे एक साक्षीदार सांगते, तेव्हा प्रसंग तिच्या मोटारीच्या बाजूने दिसतो. म्हणजे पुनर्रचना येथे घटनेची नसून निवेदनाची आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक दृश्याच्या शेवटी एक अदृश्य ‘असे तो म्हणतो’ जोडलेले आहे.

हे घडते कसे, याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट क्रमाची. बोलणाऱ्याचा चेहरा आणि त्याचे विधान आधी येते, दृश्य नंतर. आणि दृश्य संपताच पुन्हा मुलाखत येते. हा क्रम उलटा केला, म्हणजे प्रथम गोळीबार आणि मग साक्षीदार अशी मांडणी केली, तर तेच चित्रण पुरावा म्हणून वाचले जाते आणि साक्षीदार त्याला केवळ दुजोरा देणारा ठरतो. संकलनाच्या टेबलावर हा फरक काही सेकंदांचा असतो, पण त्याने दृश्याची मालकी बदलते. दुसरी गोष्ट आवर्तनाची. पहिल्यांदा पाहिलेले दृश्य प्रेक्षक कदाचित खरे मानून चालेल. दुसऱ्यांदा त्यातील एक तपशील बदललेला दिसला की पहिल्या दृश्यावरील त्याचा विश्वासही ढळतो, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत हे त्याचे त्यालाच उमगते. कोणत्याही पट्टीला जे साधत नाही ते हा विरोध साधतो. तिसरी गोष्ट चेहऱ्यांची. नटांचे चेहरे जवळजवळ कोठेच नीट दिसत नाहीत. दिसतो तो ब्रेकवरचा पाय, विजेरी धरलेला हात, पिस्तूल, खिडकीची काच, अंधारातील बाह्याकृती. चेहरा दिसला असता तर नटाने भाव दाखविला असता, आणि प्रेक्षकाने त्या भावावरून अपराधाचा निवाडा केला असता.

मग वजन येते कोठून? याचे उत्तर एका कागदी पेल्यात आहे. वुडच्या सोबत गस्तीच्या गाडीत एक महिला अधिकारी होती. मोटार थांबविल्यावर सोबतच्या अधिकाऱ्याने खाली उतरून गाडीमागे उभे राहून लक्ष ठेवावे, अशी रीत होती. ती उतरली होती, की नुकताच घेतलेला मिल्कशेक पीत गाडीतच बसली होती, हा तपासातील कळीचा प्रश्न होता. ती गाडीत असेल, तर चालकाविषयीच्या तिच्या आठवणीचे मोल बरेच कमी होते. मॉरिस हा पेला हवेतून मंद गतीने जाताना, जमिनीवर आपटताना आणि त्यातील पेय सांडताना दाखवितो. वरवर पाहता ही चमत्कृती वाटेल, आणि त्या काळी अनेकांना ती तशी वाटलीही. परंतु त्या पेल्यावर एका माणसाच्या शिक्षेचा काही भाग टांगलेला आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्हणून तो पेला पडताना मनावर जे दडपण येते ते रक्त दाखवूनही आले नसते. वजन अभिनयातून न येता वादग्रस्त तपशिलातून येते, हा या चित्रपटाचा सर्वांत उपयुक्त धडा होय. पुनर्रचनेसाठी प्रसंग निवडताना सर्वांत नाट्यमय क्षण कोणता हे विचारण्याऐवजी ज्यावर निर्णय अवलंबून आहे अशी वस्तू, अंतर किंवा वेळ कोणती, हे विचारले पाहिजे.

सर्वांत बोलका आहे तो चित्रपटाचा शेवट. अन्य गुन्ह्यासाठी मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या हॅरिसशी मॉरिसचे अखेरचे संभाषण डिसेंबर १९८६ मध्ये झाले. त्या दिवशी चित्रणाचा कॅमेरा बिघडल्यामुळे केवळ ध्वनिमुद्रण हाती लागले. त्यात हॅरिस, ॲडम्स निर्दोष असल्याचे आपल्याला खात्रीने माहीत आहे, असे सूचित करतो. येथे नटांकरवी सहज एक दृश्य उभे करता आले असते, आणि एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने ते केलेही असते. मॉरिस मात्र दाखवितो तो फक्त ध्वनिमुद्रक, निरनिराळ्या कोनांतून, अगदी जवळून. जेथे वाद होता तेथे चित्रे भरपूर होती. जेथे सत्याच्या सर्वांत जवळ आपण पोचतो तेथे एकही पुनर्रचित चित्र नाही. या संयमामुळे मागील सर्व दृश्यांचा दर्जा अखेरीस निश्चित होतो. डिसेंबर १९८८ मधील सुनावणीत हॅरिसने आपली जुनी जबानी मागे घेतली आणि मार्च १९८९ मध्ये ॲडम्सची सुटका झाली. ऑस्करच्या माहितीपट विभागात मात्र या चित्रपटाला नामांकनही मिळाले नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून ‘मायटी टाइम्स : द चिल्ड्रन्स मार्च’ या २००४ च्या लघुमाहितीपटाकडे पाहता येईल. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरातील मुलांनी वर्णभेदाविरुद्ध काढलेले मोर्चे हा त्याचा विषय. त्यात जुन्या कॅमेऱ्यांनी चित्रित केलेले आणि मुद्दाम जुनाट दिसेल असे केलेले पुनर्रचित प्रसंग खऱ्या संग्रहित चित्रणात मिसळलेले होते. चित्रपटाला ऑस्कर मिळाले, आणि पाठोपाठ वादही उद्भवला. येथे प्रसंग काल्पनिक नव्हते. त्या मुलांवर कुत्रे सोडले गेले आणि पाण्याचे मारे झाले, हे निर्विवाद आहे. दोष होता तो मिश्रणात. एकदा एक तुकडा बनावट असल्याचे कळले, की प्रेक्षक शेजारच्या अस्सल तुकड्यावरही संशय घेऊ लागतो. खऱ्या पुराव्याचे हे नुकसान भरून निघत नाही.

माहितीपट शिकविणाऱ्या विभागात याची परीक्षा घेणे अवघड नाही. कच्च्या संकलनातील पुनर्रचित प्रसंग विषय ठाऊक नसलेल्या व्यक्तीला दाखवावा, तो संपताच चित्रपट थांबवावा आणि ‘हे कोणी सांगितले?’ असा एकच प्रश्न विचारावा. उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले, तर जोडणी पक्की आहे. ‘असे घडले’ एवढेच उत्तर आले, तर विधान आणि दृश्य यांतील सांधा सुटलेला आहे. बहुधा मुलाखतीचा तुकडा फार आधी संपलेला असतो किंवा पार्श्वसंगीताने दोहोंमधील सीमा पुसलेली असते. ‘नट चांगले होते’ असे उत्तर आल्यास चेहरे अधिक दिसत आहेत असे समजावे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती वादग्रस्त घटनेला मानवते. जेथे कोणी केले याविषयी वाद नाही, तेथे परस्परविरोधी आवृत्त्यांना अर्थ उरत नाही. इंडोनेशियातील १९६५-६६ च्या हत्याकांडावरील जोशुआ ओपेनहायमर यांच्या ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ (२०१२) मध्ये म्हणूनच निराळा मार्ग दिसतो. तेथे मारेकरी स्वतःच आपली कृत्ये अभिनीत करतात, आणि रंगभूषा, चर्चा, तालीम हे सर्व चित्रपटातच राहते. प्रेक्षकाला बनावाचे भान तयारीतून येते आणि वजन येते ते अभिनय करणाऱ्याची ओळख ठाऊक असल्यामुळे.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. खोट्या साक्षीचे दृश्यही खऱ्या साक्षीच्या दृश्याइतक्याच देखण्या प्रकाशात चित्रित करावे लागते, अन्यथा दिग्दर्शकाने निकाल आधीच दिल्यासारखे होते. पण त्यामुळे अर्धवट लक्ष देणाऱ्या प्रेक्षकाच्या स्मरणात खोटी आवृत्तीही तितकीच ठसते. शिवाय वुडचा मृत्यू पडद्यावर पुनःपुन्हा होतो. ॲडम्सची बाजू तपासण्यासाठी ते आवश्यक होते, असे म्हणता येईल. वुडच्या आप्तांनी मात्र प्रत्येक आवर्तनात एकच गोष्ट पाहिली असेल, आणि तिच्या तपशिलात त्यांच्या दृष्टीने काहीच बदलले नसेल.