पाचवा सर्व्हर आला, तर किती नोंदी हलतात?

वेबसाइटवर सतत मागितली जाणारी माहिती दर वेळी मुख्य डेटाबेसमधून काढावी लागू नये, म्हणून तिची प्रत कॅश सर्व्हरवर ठेवतात. असे चार सर्व्हर असतील, तर कोणती नोंद कुठे, हे ठरवायची सोपी रीत आहे. नोंदीच्या नावाचा, म्हणजे 'की'चा, हॅश फंक्शनने एक आकडा बनवायचा आणि त्याला चाराने भागायचं. उरेल ती बाकी हाच सर्व्हरचा क्रमांक.

गर्दी वाढली म्हणून पाचवा सर्व्हर जोडला की भाजकच बदलतो. २० ते २३ हे आकडे चाराने भागा किंवा पाचाने, बाकी सारखीच येते. २४ची बाकी मात्र एकदा शून्य येते, एकदा चार. आणि तिथून थेट ३९ पर्यंत एकही जुळत नाही. वीस आकड्यांत जागेवर राहिले चारच. ८० टक्के नोंदींचा पत्ता एका क्षणात बदलला! प्रती जुन्या सर्व्हरवर पडून आहेत, पण तिथे कुणी शोधतच नाही. सगळ्या मागण्या डेटाबेसवर कोसळतात आणि मदतीला आणलेल्या सर्व्हरमुळेच साइट बंद पडू शकते.

एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली यावर सुचवलेला उपाय म्हणजे कन्सिस्टंट हॅशिंग. त्यात भागाकारच नाही. ० ते ९९ हे आकडे वर्तुळावर मांडले आहेत असं समजा. ९९ नंतर पुन्हा ०. सर्व्हरच्या नावांचाही हॅश काढायचा. समजा, ते १०, ३५, ६० आणि ८५ वर बसले. की जिथे पडेल तिथून पुढे जायचं. पहिला भेटेल तो तिचा सर्व्हर. ४२ची की ६० वर जाते, ९३ची वळसा घालून १० वर.

आता पाचवा सर्व्हर ५० वर आला. ३६ ते ५० मधल्या की आधी ६० वर जायच्या, त्या आता त्याच्याकडे थांबतील. बाकी कुणाच्याही वाटेत तो आडवा येत नाही, म्हणून बाकी काही हलत नाही. शंभरातल्या पंधराच जागा बदलल्या.

पण इथे एक अडचण आहे. भार हलका झाला तो एकट्या ६०चा. उलट एखादा सर्व्हर बंद पडला, तर त्याचा सगळा भार पुढच्या एकट्यावर येतो आणि तोही बसू शकतो. म्हणून प्रत्यक्षात एकेक सर्व्हर वर्तुळावर अनेक ठिकाणी मांडतात. 'केटामा' या प्रसिद्ध लायब्ररीत १६० ठिकाणी. मग नवा सर्व्हर प्रत्येकाकडून थोडं थोडं घेतो, मिळून साधारण एक पंचमांश. पाच जणांत समान वाटणी हवी, तर याहून कमी हलवणं शक्यच नाही.

एकाच कीवर सगळी झुंबड उडाली, तर मात्र वर्तुळाचा उपयोग नाही. ती की कितीही सर्व्हर जोडले तरी एकाच सर्व्हरवर राहते. तिच्या जास्तीच्या प्रती वेगळ्याने ठेवाव्या लागतात.