विझलेला दिवा चांगला

देवरुखला आजी आणि आबा दोघंच राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचं इंटरनेट गेलं. आबांनी मॉडेमवरचे दिवे पाहिले. एक दिवा पेटतच नव्हता, म्हणून त्यांनी मॉडेम चार-पाच वेळा बंद-चालू केला. तरी तो पेटेना. शेवटी मागच्या बारीक भोकात त्यांनी सुई घातली.

ते भोक RESET चं होतं. त्यात टोचून काही सेकंद दाबून धरलं की मॉडेम कोरा होतो. कंपनीच्या माणसाने बसवताना भरलेलं युजरनेम, पासवर्ड, वाय-फायचं नाव, सगळं पुसलं जातं. तो माणूस येईपर्यंत घर चार दिवस नेटशिवाय राहिलं. आणि जो दिवा पेटत नव्हता, तो मुळात पेटायलाच नको होता.

फायबरच्या मॉडेमवर बरेच दिवे असतात, पण घरच्यांना तीनच पुरतात. POWER म्हणजे वीज पोचली. PON म्हणजे काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशावर कंपनीच्या यंत्राशी बोलणं जुळलं; तो हिरवा आणि एकसारखा जळायला हवा. तिसरा LOS. तारेतला प्रकाश येईनासा झाला की हा लाल होतो, बहुतेक मॉडेमवर लुकलुकतो. सगळं ठीक असेल तर तो विझलेला असतो. विझलेला दिवा चांगला, ही गोष्ट आबांना कुणी सांगितलीच नव्हती. आयुष्यभर त्यांनी विझलेला दिवा म्हणजे बिघाड असंच पाहिलंय.

म्हणून मी त्यांच्यासाठी एक कागद केला. पहिला फसला. मी लिहिलं होतं, "LOS लाल असल्यास मॉडेम रीस्टार्ट करू नये." आजीने वाचलं आणि विचारलं, "रीस्टार्ट म्हणजे कुठलं बटण गं?" बोर्डावर तीन बटणं होती, तिने टीव्हीचं बंद केलं. शिवाय मी कागद चकचकीत प्लास्टिकमध्ये घातला होता. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडला की मधल्या दोन ओळी दिसेनाशा व्हायच्या.

दुसऱ्या वेळी साधा कागद घेतला, काळी ठळक अक्षरं, 28 पॉइंटची. पुस्तकातलं अक्षर साधारण 12 पॉइंटचं असतं. देवनागरीत वेलांटी आणि अनुस्वार लहान अक्षरात आधी हरवतात, म्हणून ओळींमध्येही भरपूर जागा सोडली. मॉडेमवर इंग्रजी अक्षरं आहेत, तर कागदावरही तीच तशीच काढली. नुसत्या रंगावर भिस्त ठेवली नाही. आजीला मोतीबिंदू आहे, तिला रंगांची खात्री वाटत नाही. त्यामुळे "डावीकडून तिसरा दिवा" असं लिहिलं आणि मॉडेमवर त्या दिव्याखाली पांढऱ्या पट्टीचा बाण चिकटवला. मॉडेमच्या बटणाला लाल चिकटपट्टी लावली, RESET च्या भोकावरही पट्टी चिकटवली.

आता कागद असा आहे:

डावीकडून तिसरा दिवा (LOS) पाहा.

पेटलाय? काही करू नका. खालच्या नंबरवर मोबाइलवरून फोन करा.

विझलेला आहे, तरी नेट नाही? हात कोरडे करा. लाल पट्टीचं बटण बंद करा. 30 पर्यंत सावकाश मोजा. चालू करा. 5 मिनिटं हात लावू नका.

तरी नाही आलं? फोन करा. पुन्हा बंद करू नका.

पिवळी तार ओढू नका, दुमडू नका, उपटून तिच्या टोकात पाहू नका.

LOS पेटला असताना बंद-चालू केल्याने सहसा काही होत नाही, कारण दोष तारेत असतो: बाहेर झाडाची फांदी पडलेली असते, नाहीतर घरात कपाटामागे तार चिमटलेली असते. ती केसाएवढी बारीक काच आहे. घट्ट वळली की प्रकाश वळणावरच बाहेर पडतो. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच टोकात पाहायचं नाही. मोबाइलवरून फोन करायचा, कारण त्यांच्याकडचा घरचा फोनही याच मॉडेममधून चालतो.

पाच मिनिटांबद्दल आबांशी वाद झाला. बटण चालू केल्यावर PON लुकलुकतो, त्यांना तो बिघाड वाटतो. मॉडेम तेव्हा पलीकडच्या यंत्राला आपली ओळख पटवत असतो. मध्येच बंद केलं की सगळं पहिल्यापासून. आता ते बटण दाबून चहा ठेवतात आणि कप हातात घेऊनच परत बघायला येतात.

कागद बरोबर झालाय का हे पाहायला मी खोलीबाहेर उभी राहिले आणि आजीला एकटीला सगळं करायला सांगितलं. "लुकलुकतोय" तिला लगेच कळलं, "स्थिर" कळलं नाही. तिथे "एकसारखा जळतोय" लिहिलं. परवा तिचा फोन आला: "तिसरा पेटलाय, मी हात लावला नाही, तक्रार नोंदवली." मागच्या आळीत खांबावर फांदी पडली होती.